विमानाचं इंधन, वायदा दुसऱ्याचा

विमान इंधनाचा पुरेशा उलाढालीचा वायदा मिळत नाही, म्हणून विमान कंपन्या न्यूयॉर्कच्या नायमेक्सवर हीटिंग ऑइलचा वायदा घेतात. पण किती?

समजा, 21 लाख गॅलन इंधन तीन महिन्यांनी घ्यायचंय. तिमाहीतला भावबदल (प्रमाण विचलन) इंधनात 8 सेंट, वायद्यात 10 सेंट आणि दोघांचा सहसंबंध 0.9. तर प्रमाण 0.9 × 8 ÷ 10 = 0.72. एक वायदा 42,000 गॅलनचा, म्हणजे 50 नव्हे, 36 वायदे पुरतात. पन्नास घेतले तर जोखीम उलट वाढते.

तरीही भावातल्या चढउताराचं 19 टक्के प्रसरण (1 − 0.9²) उरतंच. शिवाय सहसंबंध जुन्या भावांवरून काढलेला असतो. तो ढळला की 36 हा आकडाही चुकतो. म्हणून तो दर तिमाहीला नव्याने मोजावा.