कार्तिकी सरल्यावरचं पंढरपूर

गटाची सहल पंढरपूरला न्यायची म्हटली की आपण पहिल्यांदा एकादशी शोधतो. वारी करायची असेल तर ते बरोबरच आहे. पण निवांत दर्शन आणि कमी खर्च हवा असेल, तर वारीची गर्दी ओसरल्यानंतरचे आणि नाताळच्या सुट्ट्या लागण्याआधीचे मधले दिवस बघा.

कार्तिकी एकादशीला दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. देवाचा पलंग काढलेला असतो, दर्शन रात्रंदिवस चालू असतं. पौर्णिमेचा काला झाल्यावर गावातली गर्दी हलते, प्रक्षाळ पूजा होते आणि देवाचे रोजचे उपचार सुरू होतात. पुढे कार्तिक वद्य एकादशीला आळंदीची वारी असते, म्हणजे बरेच वारकरी तिकडे वळलेले असतात. इकडे रांग आखडते. मात्र आता रात्री शेजारती होऊन देऊळ बंद होतं, तेव्हा उशिरा पोचून उपयोग नाही.

पैशाचं गणित असं. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, ते वारीतही तेवढंच आणि नंतरही तेवढंच. वाचतं ते खोलीत. समजा बारा जणी आहात, चौघींना एक अशा तीन खोल्या लागतील. वारीत खोली 2000 रुपये झाली तर 6000 रुपये, म्हणजे प्रत्येकी 500. मधल्या दिवसांत तीच 800 ला मिळाली तर प्रत्येकी 200. हे आकडे नुसते हिशोबासाठी; खरा दर फोन करून विचारा. रिकामी खोली मालकालाही परवडत नाही, म्हणून तीन खोल्या एकदम घेतो म्हटलं की तो दर उतरवतो. मंदिर समितीच्या भक्तनिवासातही आधी चौकशी करा.

आषाढीनंतर भाद्रपदातही खोल्या स्वस्त असतात की, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण तेव्हा उजनी भरलेली असते. धरणातून पाणी सोडलं की चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली जातं आणि स्नान राहून जातं. आपल्या जिल्ह्यात जोराचा पाऊसही सप्टेंबरातच. मार्गशीर्षात आभाळ मोकळं, ऊन सोसवणारं. पहाटे गारठा असतो, शाल घ्या.

मधल्या दिवसांतही काही दिवस टाळावे लागतात. दर एकादशी आणि तिचा आदला दिवस नको, शनिवार-रविवार नको. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपल्यातल्या कितीतरी जणींचा उपास आणि घरी पूजा असते, तोही सोडा. उरले सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार. अक्कलकोट जोडायचं असेल तर दत्तजयंती सोडून जा. विष्णुपदावर मात्र मार्गशीर्षभर माणसं येतात, देव तिथं असतो म्हणून. तिकडे सकाळीच जाऊन या.

ज्या वर्षी अधिक महिना येतो, त्या वर्षी त्या महिन्यात पंढरपूर रोज भरलेलं असतं. 2023 ला अधिक श्रावण होता, 2026 ला अधिक ज्येष्ठ. तारीख ठरवण्याआधी बैठकीत कॅलेंडर उघडून बघा.