कायरॉन आणि दांपत्याच्या जुन्या जखमा

दोन कुंडल्या पाश्चात्त्य पद्धतीने ताडून पाहणारे ज्योतिषी ज्या कायरॉनला ‘जखमी वैद्य’ म्हणतात, तो कुणी पुरातन ग्रह असावा असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः हा सुमारे दोनशे किलोमीटर व्यासाचा, शनी आणि युरेनस यांच्या दरम्यान फिरणारा लहानसा गोल, चार्ल्स कोवाल यांना पालोमार वेधशाळेत १९७७ साली सापडला, आणि आपल्या नवग्रहांच्या दफ्तरी त्याची नोंद असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विषारी बाणाने जखमी झालेल्या, परंतु अमर असल्यामुळे मरणही न लाभलेल्या ग्रीक नराश्वाचे नाव त्याला मिळाले, आणि फलिताचा अर्थ या नावामागून आला. निरीक्षणांतून तो कुणी काढला नाही.

‘आमच्या दोघांचे कायरॉन युतीत आहेत, म्हणजे दुःखही एकच’ हा दुसरा गैरसमज. कायरॉनला राशिचक्र पुरे करावयास सुमारे पन्नास वर्षे लागतात, आणि त्याची कक्षा फार लांबट असल्याने मेषेत तो आठ-एक वर्षे रेंगाळतो, तर तुळेतून दोन वर्षांच्या आत-बाहेर निघून जातो. १९७२ साली जन्मलेली वधू आणि १९७३ सालचा वर यांचे कायरॉन मेषेतच, थोड्या अंशांच्या अंतराने असावयाचे. तसे ते त्यांच्या वर्गातल्या साऱ्या मुलांचेही होते. ही युती वयाचा दाखला आहे, नात्याचा नव्हे, आणि जाणते ज्योतिषीही तिला फारसे महत्त्व देत नाहीत.

ते महत्त्व देतात ते एकाच्या कायरॉनवर दुसऱ्याचा रवी, चंद्र वा शुक्र पडतो त्या योगाला. आणि येथेच ‘तिने मला जखम केली’ अशी फिर्याद उभी राहते. समजा, त्याचा कायरॉन मेषेच्या चौदाव्या अंशावर आहे आणि तिचा चंद्र बाराव्या. लहानपणी रडल्याबद्दल मार खाल्लेला हा गृहस्थ, बायकोचे डोळे भरून आले की चिडून वर्तमानपत्रात तोंड खुपसतो. ज्योतिषाच्या स्वतःच्या सिद्धांतानुसारही जखम त्याची, आणि लग्नापूर्वीची. तिचा चंद्र केवळ त्या जखमेवर बोट ठेवतो. तिला आरोपी ठरविण्यास त्या शास्त्रातही आधार नाही.

आता थोडा हिशेब. रवी, चंद्र, शुक्र, मंगळ आणि लग्न असे पाच बिंदू प्रत्येकी घेतले, तर समोरच्याच्या कायरॉनशी दोन्ही बाजूंनी दहा जोड्या होतात. युतीला तीन अंशांची मर्यादा ठेवली तर एका जोडीत ती जुळण्याचा संभव साठात एक. म्हणजे सरासरीने सहा दांपत्यांमागे एक युती. प्रतियोग, केंद्रयोग आणि त्रिकोण हेही मोजले, तर निव्वळ योगायोगानेच दर दांपत्यामागे सरासरी एक योग निघतो. जुने दुखणे आणि त्यावर बोट ठेवणारा जोडीदार हेही बहुतेक संसारांत असतेच, तेव्हा भाकीत खरे ठरल्याचा भास होण्यास कायरॉनची गरज पडत नाही. कसोटी घ्यावयाची तर योग नसलेल्या दांपत्यांनाही ‘जोडीदार जुन्या दुखण्यावर बोट ठेवतो का’ हा प्रश्न विचारावा लागेल, आणि ज्योतिषाकडे सहसा तक्रार असलेलेच जात असल्याने, दुसरी बाजू तेथे कधी नोंदलीच जात नाही.