फोटोत न दिसलेले रताळे

आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी बदलापूरहून वहिनींचा फोटो आला. परातीत पाच रताळी आणि त्यांतल्या एकावर मोहरीएवढे तीन काळे ठिपके. खाली एकच ओळ होती, "भाऊजी, चालतील ना?" मी अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर होतो. फोटो मोठा करून पाहिला. साल घट्ट होती, बुरशी कुठेच नव्हती. "सोलून घ्या, चालतील," असे कळवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी वहिनींनी पाचही रताळी एकत्र किसली, तुपावर कीस परतला आणि पहिल्याच घासाला सगळ्यांची तोंडे कडू झाली. उपासाच्या दिवशी कढईभर कीस टाकून द्यावा लागला. चूक माझी होती, म्हणून तिचा माग काढायचे ठरवले.

आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात असे फोटो रोज इकडून तिकडे जातात. लोकलमधून उतरलेला माणूस स्टेशनबाहेर दिव्याच्या उजेडात भाजी घेतो आणि घरी ती उघडून पाहणारा दुसराच असतो. प्रश्न बहुधा तीनच वस्तूंचा असतो: कोंब आलेला लसूण, सुरकुतलेले आले आणि डागाळलेले रताळे. वर्षभर मी या फोटोंची आणि नंतर चिरल्यावर काय निघाले याची नोंद वहीत ठेवली. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. लसूण आणि आले यांच्याबाबत फोटो बहुतेक खरे सांगतो. रताळ्याबाबत तो फसवतो.

लसणाची भीती मुळात बटाट्याकडून उसनी आलेली आहे. हिरवट, कोंब फुटलेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते, म्हणून तो टाकावा हे बरोबर. लसणाच्या कोंबात तसे काही नसते. पाकळीतला साठा कोंबाकडे जातो, त्यामुळे ती थोडी पोचट होते आणि हिरवा कोंब किंचित कडवट लागतो. पाकळी उभी चिरून कोंब काढला की फोडणीला लसूण तयार. फ्रीजमध्ये ठेवलेला लसूण लवकर कोंबतो, कारण तिथला गारवाच त्याची झोप मोडतो. टाकायची पाकळी वेगळी दिसते. ती मऊ पडून तपकिरी होते, किंवा तिच्यावर निळसर अथवा काळी भुकटी धरते. ही भुकटी म्हणजे बुरशी, आणि ती फोटोतही ओळखू येते. 2024 मध्ये लसूण किलोला चारशेच्या घरात गेला होता, तेव्हा नुसत्या कोंबापायी गड्डे फेकणाऱ्या घरांचे नुकसान लहान नव्हते.

आल्याच्या सुरकुत्या म्हणजे उडून गेलेले पाणी. सुंठही पाणी घालवूनच होते, फक्त तिथे आले उन्हात पुरते वाळवतात. घरात ते सावकाश सुकते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत सुकण्याआधीच त्याला बुरशी गाठते. म्हणून सुरकुती कोरडी आहे की ओली, एवढेच पाहायचे. कोरडे, वाकवल्यावर चिवट लागणारे आले सोलून चहात खुशाल टाकावे. साल ओलसर चमकत असेल, अंगठ्याने दाबल्यावर बोट आत जात असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर ते सडले आहे. यांतली चमक फोटोत दिसते, बाकीच्या दोन गोष्टी विचाराव्या लागतात.

आता रताळे. वहिनींच्या रताळ्यावरचे ठिपके सोंड्या भुंग्याचे होते. मुंगीसारखा दिसणारा, निळसर काळा आणि छातीशी तांबूस असा हा लहानसा किडा. मादी सालीत बारीक खळगा कोरून त्यात एक अंडे घालते आणि आपल्याच विष्ठेने तोंड बुजवते. बाहेर उरतो तो काळा ठिपका. अळी आतल्या आत बोगदे करीत वाढते, तिथेच कोष करते, आणि भुंगा बाहेर पडेपर्यंत सालीवर फारसे काही दिसत नाही. त्यामुळे वरच्या ठिपक्यांच्या संख्येवरून आतली नासाडी मोजता येत नाही. वहिनींनी टाकलेल्या सालींबरोबर त्या रताळ्याचे एक टोक उरले होते. त्याचा फोटो मागवला, तर आत काळपट, भुशाने भरलेले बोगदे होते.

कडूपणा मात्र किड्याचा नव्हता, तो रताळ्याचाच होता. अळीने कुरतडले किंवा काही बुरशींनी गाठले की रताळे बचावासाठी स्वतः कडू द्रव्ये तयार करते. त्यांतले मुख्य द्रव्य आयपोमिआमरोन. जपानमध्ये 1943 साली हिउरा यांनी ते काळ्या कुजीच्या रताळ्यातून वेगळे काढले. ते यकृताला अपाय करणारे आहे. काही बुरशींच्या संगतीत याच घराण्यातली फुफ्फुसांवर घाला घालणारी द्रव्येही तयार होतात. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे 1969 साली बुरशी आलेली रताळी खाऊन गुरे श्वास कोंडून दगावली, ती त्यामुळेच. माणूस सहसा पहिला कडू घास थुंकून टाकतो, हेच त्याचे संरक्षण. पण उकडल्याने किंवा भाजल्याने ही द्रव्ये पुरती नाहीशी होत नाहीत, आणि ती डागाच्या थोडी पलीकडेही पसरलेली असतात. म्हणून "सोलून घ्या" हे माझे उत्तर अपुरे होते.

प्रत्येक डाग असा नसतो. सालीवरच राहणारी तपकिरी काजळी सोलल्यावर निघून जाते आणि खालचा गर स्वच्छ असतो. कुदळीची जुनी, सुकून भरलेली जखमही निरुपद्रवी. कापल्यावर येणारा चीक वाळून काळा पडतो, त्यालाही घाबरू नये. उलट गोल, किंचित खोलगट काळा डाग चिरल्यावर हिरवट काळा होऊन गरात उतरलेला दिसला, तर ती काळी कुज. असे रताळे अख्खे टाकावे. रताळे फ्रीजमध्येही ठेवू नये. बारा अंशांखालच्या थंडीने गर काळवंडतो, मधला भाग शिजूनही टणक राहतो आणि मग फोटोवरून कारण ओळखणे आणखी अवघड होते.

तेव्हापासून मी रताळ्याच्या पहिल्या फोटोवर उत्तर देत नाही. दुसरा फोटो मागतो. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या ताटलीत, ठिपक्यातून उभे चिरलेले रताळे. पिवळ्या दिव्याखाली हिरवट छटा कळत नाही आणि फ्लॅशने ओली साल व कोरडी साल सारखीच चमकते. मग विचारतो, वास कसा येतो? औषधी, उग्र वास आला तर ते रताळे बाद. वास नाही, बोगदा एकाच कडेला आहे आणि बाकी गर स्वच्छ आहे, तर डागापासून बोटभर पलीकडचा भाग काढावा, उरलेल्याचा लहान तुकडा शिजवून जिभेच्या टोकावर ठेवावा आणि कडू लागल्यास थुंकावा. प्रत्येक रताळे असे वेगवेगळे तपासूनच किसावे, कारण एक कडू रताळे चार चांगल्यांना घेऊन बुडते.

महाशिवरात्रीला वहिनींचा पुन्हा फोटो आला. या वेळी सहा रताळी चिरून ओळीने मांडलेली होती आणि चौथे त्यांनी आधीच बाजूला सारले होते. खाली लिहिले होते, "याला वास येतोय. बाकीची किसते." मला सांगण्यासारखे काही उरले नव्हते.