दिनांकांची उलटापालट

०५/०३/२०२३ रोजी भरती होऊन ०९/०३/२०२३ रोजी घरी सोडलेल्या रुग्णाचा चार दिवसांचा मुक्काम, संगणकाने अमेरिकी रिवाजाप्रमाणे महिना आधी वाचल्यास, १२३ दिवसांचा होतो. १४/०३/२०२३ हा दिनांक मात्र, चौदावा महिना नसल्यामुळे, निव्वळ मजकूर म्हणून रकान्यात डावीकडे चिकटून राहतो, आणि हीच या दोषाची खूण होय. अशा वेळी मूळ फाईल अबाधित ठेवून प्रतीवर दुरुस्ती करावी, केसपेपराशी ताळा घ्यावा, आणि स्वतंत्र नोंदवहीत रुग्णक्रमांक, रकाना, जुनी व नवी नोंद, कारण, तारीख आणि दुरुस्ती करणाऱ्याचे नाव दर्ज करावे. केसपेपर गहाळ असल्यास अंदाजाने दिनांक भरणे सर्वथा गैर. तो रकाना रिक्त ठेवून रिक्ततेचे कारण शेजारच्या रकान्यात संकेतांकाने नोंदवावे, कारण मुक्कामाच्या रकान्यात ९९९ लिहिल्यास सरासरी काढताना तेही दिवसच मोजले जातात.