टीईटी प्रमाणपत्राची मुदत संपते का? नोकरीच्या वेळी त्याची खात्री कशी केली जाते?

"मुलीने 2013 ची टीईटी पास केली होती. प्रमाणपत्रावर सात वर्षे लिहिलंय. आता ते बाद झालं का?" हा प्रश्न आमच्याकडे पालक आणि उमेदवार सतत विचारतात. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, सोलापूर अशा ठिकाणी डी.एड. किंवा बी.एड. झालेल्या अनेक मुलींनी लग्न आणि मुलंबाळं यांमुळे मधली काही वर्षे नोकरीचा विचार केला नव्हता. आता भरती निघाली की जुने प्रमाणपत्र कपाटातून बाहेर निघते आणि शंका सुरू होते.

थोडक्यात उत्तर असे की प्रमाणपत्र बाद झालेले नाही. पण ते खरे आहे की नाही, याची तपासणी नेमणुकीच्या वेळी होतेच. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

सात वर्षांची अट कुठे गेली?

शिक्षण हक्क कायद्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, 2010 साली पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी सक्तीची केली. 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे ठेवली होती. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर 2013 मध्ये झाली, म्हणून त्या काळच्या प्रमाणपत्रांवर सात वर्षांचा उल्लेख दिसतो.

जून 2021 मध्ये केंद्र सरकारने ही मुदत आजीवन केली आणि तीही 2011 पासून मागे जाऊन. म्हणजे 2021 नंतर पास झालेल्यांनाच फायदा, असे नाही. ज्यांची सात वर्षे आधीच संपली होती, त्यांनाही तो मिळाला. त्यामुळे छापलेली सात वर्षे पाहून कुणी "पुन्हा परीक्षा द्या" म्हणत असेल, तर 2021 चा हा निर्णय दाखवा.

मग पडताळणी कशासाठी?

2019 च्या टीईटीचा घोटाळा आपल्या सर्वांना आठवत असेल. 2021 च्या अखेरीस पुणे पोलिसांच्या तपासात तो उघडकीस आला आणि परीक्षा परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांनाही अटक झाली. पुढे परिषदेने 7,800 हून अधिक उमेदवारांवर कारवाई करून त्यांची यादी जाहीर केली. काहींचे गुण वाढवलेले होते, तर काहींना थेट बनावट प्रमाणपत्रे दिली होती.

यातून एक गोष्ट कळली. गुण वाढवून दिलेले प्रमाणपत्र दिसायला अगदी अस्सल असते. शिक्का खरा, कागद खरा, निकालात नावही असते. म्हणून केवळ कागद पाहून भागत नाही. प्रमाणपत्रावरचा बैठक क्रमांक, वर्ष, पेपर आणि गुण हे पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या नोंदीशी जुळवावे लागतात. कारवाई झालेल्यांच्या यादीत नाव नाही ना, हेही पाहावे लागते. 13 फेब्रुवारी 2013 नंतर नेमलेल्या शिक्षकांची मूळ प्रमाणपत्रे परिषदेने जिल्ह्यांकडून तपासणीसाठी मागवली, ती याच कारणाने.

ज्यांनी केंद्राची सीटीईटी दिली आहे, त्यांचे काम थोडे सोपे आहे. ती परीक्षा सीबीएसई घेते आणि तिचे प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये मिळते. त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून तपासणाऱ्याला खात्री करता येते.

एक उदाहरण घेऊ

समजा, मालेगावच्या एका भगिनीने 2013 च्या टीईटीचा पहिला पेपर दिला आणि तिला 150 पैकी 86 गुण मिळाले. ती मोमीन समाजाची, म्हणजे ओबीसी. आता तिची निवड जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत पहिली ते पाचवीच्या जागेसाठी झाली आहे. कागदपत्र तपासणीत काय पाहिले जाईल?

आधी पेपर. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. जागा पहिली ते पाचवीची आहे, म्हणून इथे अडचण नाही. हीच जागा सहावी ते आठवीची असती, तर पहिल्या पेपरचे प्रमाणपत्र आजीवन असूनही उपयोगाचे नव्हते.

मग गुण. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के म्हणजे 90 गुण लागतात, मागास प्रवर्गाला 55 टक्के. 86 गुणांवर ती पास आहे ती ओबीसी म्हणूनच. त्यामुळे जातीचा दाखला नसेल तर टीईटीचे प्रमाणपत्रही अडचणीत येते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुस्लिम म्हणजे अल्पसंख्याक, म्हणून गुणांत सवलत मिळते, असे नाही. सवलत मिळते ती जातीच्या दाखल्यावर.

शेवटी नाव. बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव, आधारवर पतीचे. दहावीच्या सनदेवर "शेख", टीईटीवर "शैख". कुठे "मोहम्मद", कुठे "मोहं." माणूस एकच असला तरी नोंद जुळत नाही. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातील नावबदलाची प्रत तयार ठेवा. राजपत्राला वेळ लागतो, त्यामुळे निवड यादीत नाव येण्याची वाट पाहू नका. पवित्र पोर्टलवर माहिती भरताना बैठक क्रमांक, वर्ष आणि गुण प्रमाणपत्रावर आहेत तसेच भरा. तिथली माहिती उमेदवार स्वतः प्रमाणित करतो, आणि चूक उघड होते ती थेट तपासणीच्या टेबलावर.

मूळ प्रमाणपत्र हरवले असेल तर परीक्षा परिषदेकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. झेरॉक्सवर नोकरी मिळत नाही.

आपल्या संस्थांच्या शाळांचं काय?

अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांना टीईटी पास होण्यासाठी दोन वर्षे दिली. मात्र अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होतो का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आणि तोपर्यंत या शाळांना त्यातून बाजूला ठेवले.

म्हणून काही संस्थाचालक उमेदवाराला "आपल्याकडे टीईटी लागत नाही" असे सांगतात. पण अनुदानित शाळेत संस्थेचे नेमणूकपत्र मिळाले म्हणजे काम संपत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि त्यानंतर शालार्थ आयडी मिळाल्याशिवाय सरकारी पगार सुरू होत नाही. कागदपत्रे बारकाईने पाहिली जातात ती या टप्प्यावर. नेमणूक स्वीकारण्याआधी संस्थेला एवढे विचारा: हे पद मंजूर आहे का, आणि मान्यतेच्या प्रस्तावाला कोणकोणती कागदपत्रे जोडणार आहात? उत्तर लेखी घ्या. मान्यतेअभावी बिनपगारी राबण्याची वेळ आल्यावर तोंडी शब्द कामाला येत नाही.