शून्य पॉइंट दोनची उभी रेघ

घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीत एखाद्या घराचा स्लॅब पडायचा असला, की दारात सळयांचे गठ्ठे येऊन पडतात. जिल्ह्याच्या ठिकाणी, जालन्यात, भंगार वितळवून सळया ओढणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल इतक्या आहेत की सळई फार लांबून यायचं कारण नाही. त्याच गावातली मुलं मेकॅनिकलला जातात, तेव्हा दुसऱ्या वर्षी मटेरियल सायन्सच्या तासाला पडद्यावर लोखंड आणि कार्बनचा फेज डायग्राम येतो. वाकड्या रेघा, आडव्या रेघा, ग्रीक अक्षरं. परीक्षेत तो काढता येतो, पण दारातल्या सळईशी त्याचा काय संबंध, हे कळायचं राहून जातं. म्हणून इथे एकच सळई घेऊ आणि तिला वितळलेल्या रसापासून थंड होईपर्यंत त्या आकृतीवरून उतरवू.

बांधकामाच्या सळईचं मानक आयएस १७८६. त्यात एफई ५०० या प्रतीला कार्बन जास्तीत जास्त ०.३० टक्के चालतो, एफई ५००डी ला ०.२५ टक्के. आपण दोन्ही मर्यादांच्या आतला, हिशेबाला सोपा आकडा धरू: वजनाने ०.२० टक्के. म्हणजे शंभर किलो पोलादात दोनशे ग्रॅम कार्बन.

आता आकृतीकडे या. खालच्या आडव्या अक्षावर कार्बनची टक्केवारी आहे, उभ्या अक्षावर तापमान. स्लाइडवर कार्बन ६.६७ टक्क्यांपर्यंत दाखवलेला असतो. आपल्याला डावीकडची एक टक्क्याच्या आतली पट्टी पुरे, आणि ती स्लाइडवर इतकी चिंचोळी असते की मोठी करून पाहिल्याशिवाय वरचा डावा कोपरा दिसतच नाही. नेमकं तिथेच पहिलं नाट्य घडतं. आकृतीवरचा प्रत्येक बंदिस्त भाग सांगतो, की या टक्केवारीला, या तापमानाला, पुरेसा वेळ दिला तर धातू कोणत्या रूपात राहील. ‘पुरेसा वेळ’ हे शब्द स्लाइडवर लिहिलेले नसतात. वेळेचा अक्ष या आकृतीला नाहीच, आणि याची आठवण आपल्याला शेवटी ठेवावी लागणार आहे.

०.२० वर एक उभी रेघ मारा आणि बोट वरून खाली आणा. रेघ जिथे जिथे दुसरी रेघ ओलांडते तिथे थांबायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या: आता कोणती रूपं आहेत, प्रत्येकात कार्बन किती आहे, आणि प्रत्येक रूप किती आहे.

भट्टीतून रस सोळाशे अंशांच्या आसपास निघतो. या उंचीवर सगळा रस, दुसरं काही नाही. बोट खाली आणताना सुमारे १५२० अंशांवर पहिली रेघ लागते, तिला लिक्विडस म्हणतात. इथे पहिले घन स्फटिक जन्मतात. कास्टिंगवाल्यांना रोज लागणारा आकडा हाच. ओतताना रस या रेघेपेक्षा साधारण वीस ते चाळीस अंश वर ठेवतात. त्याहून थंड झाला तर ओतणीचं नोझल गोठून बंद पडतं. फार गरम ठेवला तर साच्यातल्या बिलेटची बाहेरची साल पातळ राहते आणि फुटून आतला रस बाहेर येतो. खऱ्या सळईत मँगनीज, सिलिकॉन, फॉस्फरस, गंधकही असतात. ते सगळे मिळून ही रेघ आणखी सात-आठ अंश खाली ओढतात. स्लाइडवर फक्त लोखंड आणि कार्बन आहे, हे विसरून चालत नाही.

लिक्विडसच्या खाली आपण रस आणि घन अशा मिश्र भागात येतो. घनाचं नाव डेल्टा फेराइट. इथे बहुतेक विद्यार्थी फसतात. त्यांना वाटतं, पोलाद ०.२० टक्क्यांचं, म्हणजे घनातही ०.२० आणि रसातही ०.२०. तसं नसतं. जिथे बोट आहे तिथून डावीकडे-उजवीकडे एक आडवी रेघ काढायची, म्हणजे टाय लाइन. ती ज्या दोन सीमांना टेकते, त्यांच्या खालचे आकडे खरे. १४९५ अंशांच्या किंचित वर हे केलं तर डावं टोक ०.०९ वर टेकतं आणि उजवं ०.५३ वर. म्हणजे घनात कार्बन कमी आणि उरलेल्या रसात मूळ ०.२० च्या अडीचपटीहून जास्त. घन जन्मताना कार्बन बाहेर ढकलतो, तो रसात साठतो.

किती घन आणि किती रस, हे लिव्हर रूलने निघतं. टाय लाइन म्हणजे तागडीची दांडी समजा, बोटाची जागा म्हणजे तिचा टेकू. दांडी समतोल राहायची तर जड पारडं टेकूच्या जवळ हवं. आपलं ०.२० हे ०.०९ च्या जवळ आहे, म्हणून घन जास्त असणार, हे गणिताआधीच कळतं. रसाचा वाटा काढायचा तर विरुद्ध बाजूची लांबी घ्यायची: ०.२० उणे ०.०९ म्हणजे ०.११, भागिले पूर्ण दांडी ०.४४. उत्तर पाव. पंचवीस टक्के रस, पंचाहत्तर टक्के घन. उत्तर उलटं आलं, तर ते नेहमी चुकीची बाजू घेतल्यामुळे येतं.

१४९५ वर एक आडवी रेघ आहे. इथे रस आणि डेल्टा फेराइट मिळून तिसरं रूप तयार करतात: ऑस्टेनाइट, कार्बन ०.१७ टक्के. याला पेरिटेक्टिक अभिक्रिया म्हणतात. रेघ आडवीच का, याचं उत्तर गिब्जच्या नियमात आहे. घटक दोन, रूपं तीन, दाब ठरलेला. नियमाने मोकळीक शून्य उरते, म्हणून तापमान हलू शकत नाही. अभिक्रिया पुरी होईपर्यंत ते १४९५ वरच थांबतं.

अभिक्रिया संपल्यावर काय उरेल? ०.२० हे ०.१७ च्या उजवीकडे आहे, म्हणून सगळं डेल्टा संपेल आणि थोडा रस उरेल. किती? ०.०३ भागिले ०.३६, म्हणजे सुमारे आठ टक्के. हा आठ टक्के रस पोलादवाल्याचा मित्र आहे. डेल्टाचा ऑस्टेनाइट होताना अणू दाटीने बसतात आणि धातू आकसतो. उरलेला रस त्या फटी भरतो. आता कार्बन ०.१२ धरून हाच हिशेब पुन्हा करा. अभिक्रियेआधी रस जेमतेम सात टक्के, नंतर शून्य. साठ टक्क्यांहून जास्त डेल्टा अजून शिल्लक, आणि त्याचं पुढचं रूपांतर व आकसणं पूर्ण घन अवस्थेत होणार, भरून काढायला काही नाही. साच्यात साल भिंतीपासून कुठे सुटते, कुठे चिकटून राहते, जाडी असमान होते आणि भेगा पडतात. सतत ओतकाम करणारे लोक ०.१० ते ०.१५ च्या आसपासच्या पोलादाला वचकून असतात, ते यामुळे. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीत कार्बन काय येईल हे भंगार ठरवतं. म्हणून नमुना घेऊन स्पेक्ट्रोमीटरवर तपासल्याशिवाय ओतणं म्हणजे डोळे मिटून या पट्टीत शिरणं.

उरलेला रस सुमारे १४९० अंशांपर्यंत गोठून जातो. तिथून खाली बराच मोठा पट्टा शुद्ध ऑस्टेनाइटचा. एकच रूप, त्यात ०.२० टक्के कार्बन, टाय लाइनची गरज नाही. मिलमध्ये सळई ओढतात ती याच पट्ट्यात, कारण ऑस्टेनाइट गरम असताना सहज दाबला, ताणला जातो.

सुमारे ८५० अंशांना बोट पुढची रेघ ओलांडतं. इथून ऑस्टेनाइटच्या कणांच्या सीमांवर फेराइट उगवू लागतो. फेराइटला कार्बन जवळपास सोसतच नाही. ७२७ अंशांच्या किंचित वर टाय लाइन काढली तर डावं टोक ०.०२२ वर आणि उजवं ०.७६ वर टेकतं. पुन्हा दांडी: ०.१७८ भागिले ०.७३८, म्हणजे चोवीस टक्के ऑस्टेनाइट, शहात्तर टक्के फेराइट. ७२७ वर हा चोवीस टक्के ऑस्टेनाइट फेराइट आणि सिमेंटाइटच्या पातळ आलटून-पालटून पत्र्यांमध्ये मोडतो. त्या जोडीला पर्लाइट म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या फेराइटमध्ये काळसर बेटं दिसतील, आणि ती साधारण चौथा हिस्सा जागा घेतील. आकृतीचं भाकीत इथे पूर्ण झालं.

पण दारातली सळई अशी नसते. आकृतीने सांगितलेलं मऊसर फेराइट-पर्लाइट, हवेत निवांत थंड केलेलं, एफई ५०० ला लागणारी ५०० मेगापास्कलची ताकद देत नाही. ती ताकद वेळेकडून येते, जो आकृतीत नाही. शेवटच्या रोलमधून सळई हजार अंशांच्या आसपास बाहेर पडते आणि पाण्याच्या नळ्यांतून सेकंदाभरात पुढे जाते. तेवढ्यात बाहेरची कड चारशेच्या आसपास व त्याखाली उतरते. कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो अडकून राहतो आणि मार्टेन्साइट नावाचं कठीण रूप तयार होतं. स्लाइडवर त्याला कुठेही जागा नाही, आणि शोधूही नये. मग आतला गाभा, जो अजून लालच आहे, कडेला पुन्हा सहाशेच्या आसपास तापवतो. कडेचा ठिसूळपणा जातो, कणखरपणा उरतो. गाभा मात्र थंड होण्याच्या बेडवर सावकाश फेराइट आणि पर्लाइटमध्ये बदलतो.

हे झालंय की नाही, तपासणं अवघड नाही. सळईचा तुकडा काटकोनात कापायचा, घासून चकचकीत करायचा आणि अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड घातलेल्या द्रावणात बुडवायचा. प्रयोगशाळेत त्याला नायटल म्हणतात. बाहेर गडद कडं आणि आत फिका गाभा दिसतो. कडं सगळीकडून सारख्या जाडीचं हवं. एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड दिसलं, तर पाण्याचे फवारे सारखे बसले नाहीत. कडं तुटक असेल, तर त्या भागात शमन झालंच नाही.

एक मोह मात्र टाळावा. गाभ्यातला पर्लाइट मोजून, लिव्हर रूल उलटा फिरवून कार्बन काढायचा, असा प्रयोग विद्यार्थी करतात. गाभाही आकृतीला हवा तितका सावकाश थंड झालेला नसतो. फेराइटला वाढायला वेळ कमी मिळतो, मग राहिलेल्या जास्त ऑस्टेनाइटचा कमी कार्बनचा पर्लाइट होतो. पर्लाइट तीस-पस्तीस टक्के दिसेल आणि हिशेब कार्बन जास्त दाखवेल. हा हिशेब करायचाच असेल, तर तो तुकडा आधी नऊशे अंशांपर्यंत तापवून भट्टीतच, भट्टी बंद करून, थंड होऊ द्यावा. मग गडद बेटं पुन्हा पाव हिश्श्याजवळ येतात.