दोन मिलची पिशवी

अमेरिकन ग्राहकाने बेदाण्यासाठी '2 मिल'च्या पिशव्या मागितल्या, की इथला पुरवठादार विचारतो, "किती मायक्रॉन?" मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 25.4 मायक्रॉन. म्हणजे 2 मिलचे 50.8 मायक्रॉन. मिलिमीटर हवे तर हजाराने भागा: 0.0508. मिलला मिलिमीटर समजलात तर पिशवीऐवजी जाड पत्राच येईल! बाजारातला 50 मायक्रॉनचा माल 1.97 मिल भरतो. तो चालेल का, हे ऑर्डरआधीच विचारावं.

माल आल्यावर एक पदर व्हर्नियरवर नीट कळत नाही. दहा पदर एकावर एक ठेवून, हवा काढून, न दाबता मोजा, साधारण 0.51 मिलिमीटर यायला हवेत. पिशवीला दोन पदर असतात, हे मोजताना विसरू नका. काही विक्रेते दोन्ही मिळून जाडी सांगतात, म्हणून ऑर्डरमध्ये 'एका पदराची जाडी' असं स्पष्ट लिहा.